दिव्यांग मेडिकल बोर्डाची तारीख आणि ऑफिसची रजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (इंदूरच्या मराठी मंडळींसाठी)

मी इंदूरला सुदामा नगरात राहते, पीथमपूरच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे, म्हणजे हजेरी आणि रजेचे अर्ज रोज माझ्याच टेबलावर येतात. आणि माझा स्वतःचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, त्यामुळे बोर्डाच्या लाइनीतपण उभी राहिलेय. ओळखीतले लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

अपॉइंटमेंट लेटर म्हणजे नक्की कुठला कागद?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. swavlambancard.gov.in वर यूडीआयडीचा फॉर्म भरला की एक पावती निघते, तिच्यावर एनरोलमेंट नंबर असतो, फोटो असतो, आणि लोक तीच पावती रजेच्या अर्जाला लावून देतात. पण त्या पावतीवर तारीख असते ती फॉर्म भरल्याची, बोर्डापुढे कधी जायचं ते त्यात कुठेच नसतं. मग मॅनेजर विचारतो की यावरून गुरुवारीच रजा का हवी, आणि खरंच, कागदावरून ते कळत नाही.

रजेला जो कागद लागतो त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत, कोणाला बोलावलंय, कुठे बोलावलंय आणि कोणत्या दिवशी. हॉस्पिटलकडून असं छापील लेटर मिळालं तर प्रश्नच नाही. नुसता मेसेज आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि सोबत ती पावती जोडा, म्हणजे मेसेजमधला एनरोलमेंट नंबर आणि पावतीवरचा नंबर एकच आहे हे दिसतं. आणि खिडकीवरच्या बाबूंनी पर्च्यावर पेनाने तारीख लिहून दिली असेल (हे खूप वेळा होतं) तर तिथेच उभं राहून त्यावर हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय पेनाने लिहिलेली तारीख म्हणजे ती कोणीही लिहू शकतं, आणि माझ्या टेबलावर असे पर्चे आले की मलाच वाईट वाटतं कारण माणूस खरं बोलतोय हे मला माहीत असतं पण ऑडिटला दाखवायला काहीच नसतं.

ही रजा सिक लीव्हमध्ये टाकू का?

नका टाकू. म्हणजे मोह होतो, कारण हॉस्पिटल, डॉक्टर, तपासणी, सगळं आजारपणासारखंच दिसतं. पण सिक लीव्हला आजारी असल्याचं सर्टिफिकेट लागतं आणि बऱ्याच ठिकाणी कामावर परतताना फिटनेस पण मागतात. बोर्डाचे डॉक्टर तुम्हाला आजारी किंवा फिट असं काही लिहूनच देत नाहीत, ते फक्त दिव्यांगता आहे का आणि किती टक्के ते ठरवतात. आणि घरच्या माणसाला घेऊन जायचं असेल तर आजारी तुम्ही नाहीच आहात.

माझ्याच बाबतीत हे झालंय. आधी मी दुसऱ्या एका कंपनीत होते, तिथे मुलाच्या पहिल्या सर्टिफिकेटच्या वेळी मी सिक लीव्ह टाकली, पोर्टलने फिटनेस मागितला, तो माझ्याकडे असणार कुठून, आणि अर्ज तसाच अडकून महिन्याच्या शेवटी तो दिवस बिनपगारी झाला. नंतर कॅज्युअलमध्ये बदलून घ्यायला जे हेलपाटे पडले त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सीएल टाकली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

तर आधी सीएल. सीएल संपली असेल तर ईएल, आणि तारीख पंधरा-वीस दिवस आधी कळली असेल तर ईएल सरळ मंजूर होते कारण ती आधी सांगूनच घ्यायची रजा आहे. कंपनीत स्पेशल लीव्ह असेल तर पहिलं तिचंच बघा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

एक दिवसाची रजा पुरेल ना? लेटरवर तर एकच तारीख आहे.

बहुतेक नाही पुरत, आणि हे आधीच समजून घेतलं तर निम्मा त्रास कमी होतो. लेटरवरची तारीख म्हणजे बोर्डापुढे पहिल्यांदा उभं राहायची तारीख. तिथून टेस्टला पाठवतात, टेस्टची तारीख वेगळी मिळते, आणि रिपोर्ट घेऊन परत यावं लागतं. हाताला पायाला काही झालेलं असेल, जुने एक्सरे, डिस्चार्ज पेपर सगळं सोबत असेल तर एका फेरीत पण होऊन जातं. पण कान, बुद्ध्यांक, ऑटिझम यात दोन-तीन फेऱ्या धरूनच चला.

आमचं यंदाचं सांगते. मुलाच्या सर्टिफिकेटवर दहा वर्षं पूर्ण झाल्यावर रिन्यू करायचं असं लिहिलं होतं. (बौद्धिक दिव्यांगतेत लहान मुलांचं सर्टिफिकेट कायमचं नसतं, ५, १० आणि १८ व्या वर्षी परत तपासणी होते आणि १८ नंतरचं कायम राहतं. तुमच्या कागदावर जे छापलंय तेच धरा.) लेटर आलं मंगळवारचं. मी पूर्ण दिवसाची सीएल टाकली, लेटर जोडलं, आणि अर्जाच्या शेवटी एक ओळ लिहिली की बोर्डाने टेस्टसाठी वेगळी तारीख दिली तर तिचा कागद मिळाल्यावर वेगळा अर्ज देईन. ही एक ओळ फार कामाची आहे, कारण मग दुसऱ्या अर्जाला कोणी असं म्हणत नाही की अरे, परत तेच कारण?

मंगळवारी काय झालं, सकाळी साडेआठला पोचलो, कागद तपासले, बालरोगवाल्या डॉक्टरांनी बघितलं आणि बुद्ध्यांकाच्या टेस्टला पाठवलं, टेस्टची तारीख मिळाली नऊ दिवसांनी गुरुवारची. दीड वाजले होते. मी पर्च्यावर तारखेपाशी शिक्का घेतला, आणि त्याच खिडकीवर हजर राहिल्याचं लिहून घेतलं.

गुरुवारची टेस्ट सकाळची होती म्हणून मी अर्ध्या दिवसाची सीएल टाकणार होते, पण जुन्या अनुभवाने पूर्ण दिवसाची टाकली. आणि बरं झालं. ही टेस्ट नुसती मुलाची नसते, त्याला कोडी, चित्रं, ठोकळे देतात तो एक भाग, आणि दुसरा भाग आईबाबांना विचारायचा असतो, म्हणजे शर्टाची बटणं स्वतः लावतो का, दुकानात दहा रुपये देऊन उरलेले परत आणतो का, एकटा रस्ता ओलांडतो का, शी-शूचं सांगतो का. मुलगा मध्येच कंटाळला, रडला, मॅडमनी त्याला बाहेर फिरवून आणायला सांगितलं, मग परत बसवला. अडीच वाजले.

तिसरी फेरी रिपोर्ट घेऊन बोर्डापुढे, पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी खरंच अकरा वाजता मोकळे झालो आणि मी दुपारच्या शिफ्टला हजर झाले, म्हणून ती अर्धी सीएल धरली. एकूण अडीच दिवस. लेटर मात्र एकच होतं, बाकी दोन फेऱ्यांना शिक्क्याच्या पर्च्यांवर रजा मंजूर झाली.

मॅनेजर म्हणतात, घरी आजी आहे ना, तिला पाठवा. तुमचीच काय गरज?

वरचे प्रश्न वाचा, बटणं, पैसे, रस्ता. मुलाचं रोजचं जो करतो त्यालाच ही उत्तरं येतात. आजी लाडाने म्हणते "सगळं येतं हो त्याला", कारण तिला चारचौघांत नातवाची उणीव सांगवत नाही, आणि तेच लिहिलं जातं, टक्के कमी येतात. मी हे आमच्याच वाड्यातल्या एका घरी बघितलंय. त्यामुळे अर्जात नुसतं "मुलाला घेऊन जायचं आहे" असं लिहू नका, "पालक म्हणून माहिती द्यायला मला हजर राहावं लागेल" असं लिहा. मग तुम्ही नुसत्या सोबतीला जात नाही आहात हे वाचणाऱ्याला कळतं.

नवरा-बायको दोघांना रजा हवी असेल तर पहिल्या दिवशी एकाने आणि टेस्टच्या दिवशी दोघांनी असं वाटून घ्या. मोठं मूल असेल, आवरायला कठीण जात असेल तर दोघं लागतातच, तसं स्पष्ट लिहा, त्यात लाजायचं काय.

अर्ज लिहू कसा?

आपल्याकडे ऑफिसचं काम हिंदीत चालतं तेव्हा हिंदीतच लिहा, विषयात सरळ "दिव्यांगता परीक्षण हेतु अवकाश" असं टाका. मजकूर एवढाच पुरे (मी मराठीत देतेय, तुम्ही फिरवून घ्या):

"माझ्या मुलाला / आईला / मला दिव्यांगता प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी अमुक तारखेला अमुक हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डापुढे बोलावलं आहे. अपॉइंटमेंट लेटर सोबत जोडलं आहे. त्या दिवसाची एक कॅज्युअल रजा मंजूर करावी. बोर्डाने पुढची तारीख दिल्यास तिचा कागद जोडून वेगळा अर्ज देईन. परत आल्यावर हजर राहिल्याचा कागद जमा करीन."

मुलाचं किंवा आईचं नाव लेटरवर जसं आहे तसंच अर्जात लिहा. आपल्याकडे हे हमखास चुकतं, घरी मुलाला एक म्हणतात, आधारवर दुसरं, आणि आईचं तर माहेरचं नाव, सासरचं नाव, मध्ये वडिलांचं की नवऱ्याचं, इकडच्या सरकारी कागदांवर आडनावच गाळलेलं असतं. नाव जुळत नसेल तर नातं दाखवणारा एक कागद सोबत लावा, समग्र आयडीची प्रत चालते, त्यात सगळं कुटुंब एका जागी असतं.

ऑफिसला आजाराचं नाव कळू द्यायचं नाहीये. लेटरवर तर दिव्यांगतेचा प्रकार लिहिलाय.

झेरॉक्स काढताना त्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवा. रजा मंजूर करणाऱ्याला नाव, जागा, तारीख आणि शिक्का एवढंच लागतं. मानसिक आजारासाठी तपासणी असेल तेव्हा लोक घाबरून लेटरच जोडत नाहीत आणि "घरगुती काम" लिहितात, मग तिसऱ्यांदा घरगुती काम आलं की रजा नाकारली जाते. त्यापेक्षा झाकलेली प्रत जोडा आणि म्हणा की मूळ लेटर एचआरच्या एका माणसाला समोर दाखवायला तयार आहे. लेटर पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका, एकदा गेलं की गेलं.

आम्ही पोचलो आणि त्या दिवशी बोर्डच बसलं नाही. रजा तर गेली, आता?

होतं असं, डॉक्टर कोर्टात साक्षीला जातात, कॅम्पला जातात. रिकाम्या हाताने मात्र परतू नका. त्याच लेटरच्या मागे खिडकीवरून लिहून घ्या की अमुक तारखेला हजर होते, बोर्ड झालं नाही, पुढची तारीख अमुक, आणि शिक्का. या एका कागदावर आजची रजा पण पक्की होते आणि पुढची पण. लिहून द्यायला नाही म्हणाले तर निदान त्या दिवसाचा ओपीडीचा पर्चा काढून ठेवा, त्यावर तारीख छापून येते.

कानाची तपासणी आहे आणि आदल्या रात्री माझी नाइट शिफ्ट आहे. सकाळी सुटून सरळ जाऊ का?

नका जाऊ, आदल्या रात्रीची पण रजा घ्या किंवा शिफ्ट बदलून घ्या. प्रेस शॉपच्या नाहीतर कॉम्प्रेसरच्या आवाजात आठ तास काढले की कान काही तास सुन्न राहतात, तेव्हा ऐकू कमी येतं आणि मग हळूहळू परत येतं. अशा वेळी टेस्ट केली तर रीडिंग खरं येत नाही, डॉक्टरांना जुन्या रिपोर्टशी जुळलं नाही की परत बोलावतात, किंवा बेरा टेस्ट सांगतात, ज्यात डोक्याला वायर लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात, आणि तिची तारीख आणखी वेगळी. म्हणजे एक रात्र वाचवायला गेलात आणि दोन दिवस गेले. टेस्टच्या आधी साधारण सोळा तास मोठ्या आवाजापासून लांब राहा, अर्जात दोन्ही तारखा लिहा आणि कारणही लिहा, सुपरवायझर शॉपमधलाच असतो, त्याला हे पटतं.

मी पीथमपूरला राहतो, बोर्ड इंदूरलाच होईल ना?

पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. तुम्ही फॉर्मला जो पत्त्याचा पुरावा लावला त्या जिल्ह्यात तपासणी होते, म्हणजे आधार पीथमपूरचं असेल तर धार, महूचं किंवा राऊचं असेल तर इंदूर. दुसरा रस्ता पण नियमात आहे, ज्या सरकारी हॉस्पिटलात त्या त्रासाचे उपचार चालू आहेत किंवा झालेत तिथेही अर्ज करता येतो. धारला जायचं असेल तर अर्ध्या दिवसाच्या रजेचा विचारच सोडा, जायला-यायलाच निम्मा दिवस जातो.

कायद्यात या कामासाठी वेगळी रजा आहे का?

खरं सांगायचं तर बोर्डाच्या तपासणीला इतके दिवस द्या असं प्रायव्हेट कंपनीला सांगणारं कलम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नाही. पण २०१७ च्या नियमांत एक धागा आहे जो फार कमी लोकांना माहीत आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या प्रायव्हेट कंपनीला समान संधी धोरण करावं लागतं, आणि त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ज्या गोष्टी लिहायच्या त्यात स्पेशल लीव्ह हा शब्द आहे, आणि एक लायझन ऑफिसर नेमायचा आहे. किती दिवस ते कंपनीने ठरवायचं. तर एचआरकडे जाऊन भांडू नका, आधी विचारा की आपलं समान संधी धोरण बघायला मिळेल का आणि लायझन ऑफिसर कोण. आमच्याकडे ते धोरण फाइलमध्ये होतं, कोणी उघडलेलं नव्हतं. हे दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी आहे, मुलाला घेऊन जाणाऱ्या आईबापासाठी नाही, म्हणून घरच्या माणसासाठी सीएल-ईएलचाच रस्ता धरा.

केंद्र सरकारच्या नोकरीत (इंदूरला आयकर, पोस्ट, आरआर कॅटमध्ये आपले कितीतरी लोक आहेत) दिव्यांग कर्मचाऱ्याला दिव्यांगतेच्या गरजांसाठी वर्षाला चार दिवस स्पेशल कॅज्युअल लीव्ह आहे, २००८ च्या आदेशाने. पण ती मागायला हातात सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे पहिल्यांदा बोर्डापुढे जाताय तर साधी सीएलच. रिन्यू किंवा परत तपासणीला जाताय तेव्हा जुनं सर्टिफिकेट जोडून ही रजा मागा.

कामावर अपघात झाला, ईएसआयसीने मेडिकल बोर्डाला बोलावलंय. तेच बोर्ड का हे?

नाही हो, वेगळं. ते कामावरच्या इजेने कमाईची ताकद किती गेली ते ठरवतं आणि त्यावर पेन्शन बसते, त्याचं बोलावणं ईएसआयसीकडून येतं. त्या बोर्डाला हजर राहिल्याच्या दिवसाचा बुडालेला पगार आणि येण्याजाण्याचा खर्च ईएसआयसीकडेच मागता येतो, म्हणून कंपनीकडून "त्या दिवशी पगार कापला" असं लिहून घ्या. यूडीआयडीच्या बोर्डाला असं काही मिळत नाही. दोन्ही लेटरं एकाच अर्जाला लावून आलेला माणूस मी बघितलाय, दोन वेगळे अर्ज द्या.

टक्के कमी आले, परत तपासणीला जायचंय. पुन्हा रजा देतील?

बोर्डाचा निर्णय पटला नाही तर नव्वद दिवसांच्या आत अपील करता येतं. बहुतेक फायद्यांना ४० टक्के लागतात, म्हणून ३५ किंवा ३८ आलेले लोक अपीलला जातातच. अपील दिलं की पोच घ्या, आणि त्यांनी बोलावल्याचं लेटर आलं की तेच रजेच्या अर्जाला जोडा, आधीच्या लेटरची झेरॉक्स परत लावू नका, कारण तारीख बघून कोणीतरी म्हणणारच की या कामाची रजा तर तुम्ही घेतलीय. अर्जात "अपील" हा शब्द लिहा. आणि अपीलच्या दिवसासाठी वर्षअखेरीला दोन सीएल शिल्लक ठेवा, डिसेंबरमध्ये सगळे लोक उरलेल्या सीएल संपवायला बघतात आणि तुमची तारीख नेमकी तेव्हाच येते, मी माझ्या रजिस्टरमध्ये हे दरवर्षी बघते.